बोन कंडक्शन हेडफोनचा आवाज मोठ्या रस्त्यावर कुठे जातो?

«सायकलसाठी बोन कंडक्शन हेडफोन घेतला. सकाळी चालताना पॉडकास्ट छान ऐकू येतो, पण सायकलवर मोठ्या रस्त्याला लागलं की आवाज पूर्ण वाढवूनही शब्द कळत नाहीत. पीस खराब आलाय का? आणि हे कानाच्या पडद्याला लागतच नाही, म्हणजे फुल आवाजात ऐकलं तरी चालतं ना?»

पीस बहुतेक ठणठणीत आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ठाम «नाही» असं आहे, आणि दोन्ही उत्तरांचं मूळ एकच आहे.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. श्रवणचाचणी करताना कानामागच्या हाडावर एक छोटा व्हायब्रेटर लावून हाडातून ऐकू येतं का हे रोज तपासते. कामावर सायकलने जाते आणि तुमच्यासारखाच हेडफोन वापरते. हा हेडफोन घेताना बहुतेकांचा समज असा असतो की बाहेरचा आवाज कानातून जाईल, पॉडकास्ट हाडातून जाईल आणि दोघं एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत. तुमच्या रस्त्यावरच्या अडचणीचं कारण या समजात आहे.

गालाच्या हाडावर टेकलेली ती छोटी उशी आवाजाच्या तालावर थरथरते आणि तो थरार कवटीत उतरतो. तिथून तो तीन वाटांनी पुढे जातो. एक, कवटी हलते तेव्हा मधल्या कानातली तीन चिमुकली हाडं जरा मागे राहतात आणि त्या फरकातून आतल्या कानाला धक्के मिळतात. दोन, आतल्या कानाची, म्हणजे कॉक्लियाची, हाडाची भिंत किंचित दबते आणि आतलं द्रव हलतं. तीन, कानाच्या नळीच्या भिंती थरथरतात, नळीतली हवा हलते आणि तो आवाज चक्क पडद्यावरूनच आत जातो. शिवाय उशीतून थोडा आवाज हवेत सुटतो आणि उघड्या कानात शिरतो. तेव्हा «पडद्याला लागतच नाही» हेही पूर्ण खरं नाही. वाट कुठलीही असो, मुक्काम मात्र एकच: कॉक्लिया आणि तिच्यातल्या, थरार टिपणाऱ्या केसपेशी.

हे 1932 साली गेओर्ग फॉन बेकेशी यांनी फार सुंदर पद्धतीने दाखवलं. त्यांनी एकच सूर एकाच वेळी हवेतून आणि हाडातून ऐकवला, आणि दोघांची पातळी व लय अशी जुळवत नेली की सूर ऐकूच येईनासा झाला. दोन लाटांनी एकमेकींना पुसून टाकलं. कॉक्लियाच्या आत दोघी एकाच पटलावर, एकाच पद्धतीने उमटत असतील तरच असं होऊ शकतं. आतल्या कानात हाडाच्या आवाजासाठी वेगळी खोली नाही.

खोली एकच असेल तर मोठा आवाज लहान आवाजाला झाकणार. आम्ही याला मास्किंग म्हणतो. शांत गल्लीत साधारण 50 डेसिबल आवाज असतो. तिथे पॉडकास्ट 60 च्या आसपास ठेवला की प्रत्येक शब्द आरामात कळतो, कारण बोलणं विनासायास समजायला ते भोवतालच्या आवाजाच्या निदान पाच-दहा डेसिबल वर असावं लागतं. आता तुम्ही मोठ्या रस्त्याला लागलात. ट्रक, बस, टायरची घरघर मिळून तिथे 75 ते 80 डेसिबल सहज भरतात. तोच आराम हवा असेल तर पॉडकास्ट 85 च्या वर न्यावा लागेल, म्हणजे गल्लीपेक्षा 25 डेसिबलने जास्त. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण 20 डेसिबल वाढ म्हणजेच 100 पट शक्ती. बॅटरीवर चालणारा तो बोटभर ठोकळा तेवढी शक्ती आणू शकत नाही; वरच्या टोकाला गेला की तो नुसता खरखरतो आणि गालाला गुदगुल्या करतो. तुमचा हेडफोन नेमका तिथे जाऊन अडला आहे.

त्यात आणखी एक गोष्ट तुमच्या विरोधात जाते. वाहनांचा आवाज खालच्या पट्टीत जड असतो, आणि आपल्या कानाचा स्वभाव असा की खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना गिळतो. बोलण्यात «स», «श», «त», «फ» हे आवाज बारीक आणि दुबळे. स्वर मात्र दणकट. म्हणून गोंगाटात कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. तुम्ही «शब्द कळत नाहीत» असं लिहिलंय, «ऐकू येत नाही» असं नाही. ते मला फार नेमकं वाटलं.

आता सायकलचा भाग. चालताना ठीक आणि सायकलवर नाही, यात दोष फक्त वाहनांचा आहे असं धरू नका. तुम्ही वेग घेता तेव्हा समोरची हवा कानाच्या पाळीवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यावर आपटून भोवरे करते, आणि तो घोंघाट थेट कानाच्या तोंडाशी जन्म घेतो. ताशी 25 किलोमीटरच्या आसपास हा वारा एकटाच वाहनांच्या गोंगाटाची बरोबरी करू शकतो. वेगाबरोबर तो फार झपाट्याने चढतो, त्यामुळे उतारावर पॉडकास्ट एकदम गायब होतो आणि चढावर परत येतो. कान उघडा असल्यामुळे या वाऱ्याला अडवायला काहीच नसतं.

दोघांपैकी दोषी कोण, हे ओळखायला सोपं आहे. ज्या रस्त्यावर शब्द कळत नाहीत तिथेच सायकल सुरक्षितपणे कडेला घ्या आणि थांबा. आवाजाला हात लावू नका. वाहनं तशीच जात असताना शब्द कळायला लागले तर चोर वारा आहे. थांबूनही कळत नसतील तर चोर वाहतूक आहे. तिथेच उभं राहून दुसरी परीक्षा करा: कानाच्या भोकापुढचा जो छोटा उंचवटा असतो तो बोटाने हलकेच दाबून भोक बंद करा. दोन्ही कानांचं एकदम करा. पॉडकास्ट अचानक मोठा, जाड आणि स्वच्छ ऐकू आला तर तुमचा पीस उत्तम चालतोय. बोटाने बाहेरचा गोंगाट कमी केला, आणि नळी बंद झाल्यामुळे तिच्या भिंतींतून येणारा खालच्या पट्टीतला आवाज बाहेर न निसटता आत अडकला. कान बंद करून बोललं की स्वतःचाच आवाज घुमतो, त्याचंही कारण हेच. कान बंद करूनही एका बाजूचा आवाज पातळच राहिला, तर मात्र आधी बसण्याची जागा तपासा आणि मग पिसावर संशय घ्या.

बसण्याच्या जागेवर जरा थांबते, कारण फुकटात सुधारणा होते ती इथेच. चाचणीच्या खोलीत आमचा व्हायब्रेटर डोक्यावरच्या पट्टीने जवळजवळ अर्धा किलो वजनाइतक्या जोराने हाडावर दाबलेला असतो. तेवढा दाब तासभर कोणी सोसणार नाही, म्हणून बाजारातले हेडफोन खूप हलके टेकतात. त्यामुळे उशी आणि हाड यांच्यामध्ये काय आलं याला फार महत्त्व येतं. उशी कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याच्या अगदी पुढे, जबड्याच्या सांध्याच्या किंचित वर, हाडावर सपाट बसायला हवी. बोट ठेवून तोंड उघडझाप करा, सांधा हलताना लागेल. त्याच्या वरचं न हलणारं हाड ही ती जागा. अनेकांची उशी खाली सरकून गालाच्या मऊ भागावर येते आणि तिथे थरार मांसातच विरतो. कल्ल्यांचे दाट केस, चष्म्याची काडी किंवा हेल्मेटचा पट्टा उशीखाली आला तरी तेच. मी आधी हेडफोन घालते, मग हेल्मेट, पट्टे उशीच्या बाहेरून घेते आणि चष्मा सगळ्यात शेवटी.

मागची तार हा आणखी एक नेहमीचा खोडकर भाग. सायकलवर आपण पुढे वाकून मान वर उचलतो, तेव्हा ती तार जाकिटाच्या कॉलरला किंवा हेल्मेटच्या मागच्या चाकाला टेकते आणि दोन्ही उशा पुढून किंचित उचलल्या जातात. चालताना मान सरळ असल्यामुळे हे होत नाही. ओळखायची खूण अशी की मान वळवून मागे पाहिलं की एका बाजूचा आवाज पातळ होतो आणि सरळ झालं की परत येतो.

यानंतर फोनमधला इक्वलायझर. बोलणं ऐकायचं असेल तर 250 हर्ट्झच्या खालचा भाग बराच उतरवा आणि 2 ते 4 किलोहर्ट्झचा भाग थोडा चढवा. हाडातून खालचे सूर पोहोचवायला उशीला खूप हलावं लागतं, तिची बहुतेक ताकद त्यातच जाते आणि गालाची गुदगुली तिथूनच येते. तो भाग काढला की उरलेली ताकद व्यंजनांना मिळते. संगीताला हे रुक्ष वाटेल, पण बोलणं लगेच उघडतं. वाऱ्यासाठी हेल्मेटच्या पुढच्या पट्ट्यावर, कानाच्या पुढे बसणारे लोकरीसारख्या कापडाचे छोटे वेष्टण मिळतात. कान झाकत नाहीत, फक्त हवेचे भोवरे मोडतात. तुमच्या परीक्षेत चोर वारा निघाला असेल तर आधी हे करून पाहा.

वाहतूक हाच चोर असेल तर मात्र यातलं काहीही पुरणार नाही, आणि ही या हेडफोनची खरी मर्यादा आहे. 80 डेसिबलच्या रस्त्यावर उघड्या कानाने बोलणं नीट ऐकायचं तर 85-90 डेसिबलनेच ऐकावं लागतं, मग ते हवेतून येवो की हाडातून.

यातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मोठ्या आवाजाने कायमची इजा बहुधा कानाच्या पडद्याला होत नाही. ती होते कॉक्लियातल्या केसपेशींना, आणि त्या माणसात परत उगवत नाहीत. पडदा टाळून तुम्ही त्या पेशींना टाळलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याच्या उपकरणांसाठी मोठ्या माणसांना आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास अशी मर्यादा धरली आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. 80 डेसिबलच्या रस्त्यावर रोज तासभर सायकल चालवणाऱ्याचा साधारण सहावा हिस्सा हिशेब रस्ताच खाऊन टाकतो. त्यात फोनवर दिसणाऱ्या हेडफोनच्या डेसिबल आकड्यावर या प्रकारात विसंबू नका. उशी किती घट्ट टेकली आहे आणि त्यातलं किती हाडात उतरलं हे फोनला कळत नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे पन्नाशीचे एक गृहस्थ आले होते. तक्रार तुमचीच, फक्त एक भर होती: सायकलवरून घरी आलं की तासभर कानात बारीक शिट्टी वाजते. हेडफोन बरोबर आणायला सांगितला होता. आधी चाचणी केली. खालच्या पट्ट्यांत ऐकणं उत्तम, पण 4 किलोहर्ट्झवर दोन्ही कानांना 40 डेसिबलचा खड्डा, आणि हवेतून व हाडातून दोन्हीकडे तेवढाच. म्हणजे वाट मोकळी होती, उणीव आतल्या कानात होती. हाडातून आवाज दिल्याने ही उणीव भरत नाही. बोन कंडक्शनचा फायदा होतो तो बाहेरच्या किंवा मधल्या कानात अडथळा असलेल्यांना. यांना «स» आणि «त» मुळातच कमी ऐकू येत होते, म्हणून गोंगाटात त्यांना इतरांपेक्षा आणखी चढा आवाज लागायचा, आणि तोच आवाज त्यांची उरलेली ऐकण्याची ताकद खात होता. मग खोलीतल्या स्पीकरवर वाहतुकीचा आवाज 65 डेसिबलला लावला आणि त्यांना त्यांचा नेहमीचा पॉडकास्ट लावायला सांगितलं. 65 ला त्यांना सगळं कळलं. 70 ला वाक्याचा आशय कळला, नावं आणि आकडे निसटले. 75 ला त्यांचा अंगठा आपोआप आवाजाच्या बटणाकडे गेला. त्यांनीच मान वर करून विचारलं, «मी रोज हेच करतो का?» त्यांनी ठरवलं की बटण घरातून निघताना एकदाच लावायचं आणि वाटेत वाढवायचं नाही. मोठा रस्ता आला की पॉडकास्ट थांबवायचा, आतल्या रस्त्याला परत सुरू करायचा. दोन महिन्यांनी ते परत आले तेव्हा शिट्टी थांबली होती. खड्डा तसाच आहे, तो भरणार नाही.

शिट्टी, कान भरल्यासारखा वाटणं, किंवा घरी आल्यावर माणसांचं बोलणं दबल्यासारखं वाटणं, यातलं काही तुम्हाला होत असेल तर आवाज नक्की जास्त आहे. दोन-तीन वेळा झालं तर एकदा श्रवणचाचणी करून घ्या. उलट, साध्या इअरफोनपेक्षा तुम्हाला यातूनच कायम चांगलं ऐकू येत असेल, शांत खोलीतसुद्धा, तरीही चाचणी करा; मधल्या कानात काही अडकलेलं असू शकतं.

काही हेडफोनच्या डबीत फोमचे इअरप्लग येतात. ते घालून ऐकलं की बोटाच्या परीक्षेसारखीच जादू होते, तीही कमी आवाजात. बस, रेल्वे, विमानात बसलेले असताना मी ते आनंदाने सुचवते. रस्त्यावर मात्र नाही, कारण कान बंद करायचाच असता तर हा हेडफोन कशाला घेतला असता?

ज्या कारणासाठी घेतला त्याचं काय, म्हणजे मागून येणारी गाडी ऐकू येते का? कानाची पाळी मोकळी राहते म्हणून आवाज पुढून आला की मागून, डावीकडून की उजवीकडून, हे ओळखण्याची आपली उपजत कला शाबूत राहते. कानात बोळा घालणाऱ्या इअरफोनपेक्षा हा मोठा फायदा आहे आणि मी तो मनापासून मानते. पण मास्किंग दोन्ही दिशांनी चालतं. रस्ता पॉडकास्टला झाकतो तसा चढवलेला पॉडकास्टही रस्त्याला झाकतो. जवळ येणाऱ्या टायरची सळसळ साधारण 1 किलोहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे बोलण्याच्या ऐन पट्टीत. हळू चालणाऱ्या विजेच्या गाडीला इंजिनाचा आवाजच नसतो, आणि इशाऱ्याचा आवाज काढण्याचा आंतरराष्ट्रीय नियम ताशी 20 किलोमीटरपर्यंतच लागू आहे. त्यापुढे तुम्हाला ती टायरच्या सळसळीवरूनच कळणार. बोलण्यात मध्ये मध्ये खंड असतात, त्यातून ही सळसळ कानावर पडते. सलग दाट वाद्यमेळ असलेलं संगीत ते खंडही बुजवतं. म्हणून सायकलवर मी बोलणंच ऐकते. गुंतवणारी मुलाखत असेल तर तीही नाही, कारण कान उघडा असला तरी लक्ष तिकडे गेलेलं असतं, आणि त्यावर कुठलाही हेडफोन उपाय करू शकत नाही. फोनवर बोलणं तर अजिबात नाही.

दिशा सांगणारं अॅप वापरत असाल तर एक छोटी सूचना. एका बाजूला दिलेला थरार कवटीतून दोन्ही कॉक्लियांपर्यंत जवळजवळ सारखाच पोहोचतो, त्यामुळे «डाव्या कानात वाजलं म्हणजे डावीकडे» असे संकेत इथे भरवशाचे नाहीत. शब्दांत सांगणारी सूचनाच लावा. आणि सायकलवर हेडफोन घालण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, काही ठिकाणी हाडावरचा आणि कानातला असा भेद केलेला नसतो. तुमच्याकडचा नियम पाहून घ्या.

चालण्यासाठी मात्र तुमची खरेदी अगदी योग्य आहे. वारा नाही, थांबणं आपल्या हातात, आणि आवाज बहुतेक वेळ 65 डेसिबलच्या खाली. तिथे आवाजाची पातळी ठरवायला माझी पद्धत अशी: हेडफोन चालू ठेवून शांत जागी स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो का पाहते. येत असेल तर पातळी बरोबर, नाहीतर दोन पायऱ्या खाली. सायकलवर पावलांच्या जागी साखळीची किरकिर ऐकते.

आता तुम्ही कडेला थांबण्याची आणि बोटाची, अशा दोन्ही परीक्षा त्याच रस्त्यावर करून इथे कळवा. थांबल्यावरही शब्द कळले नाहीत आणि बोट दाबल्यावर एकच बाजू उजळली, तर दुसऱ्या बाजूच्या उशीचा फोटो टाका, हेल्मेट आणि चष्म्यासकट, म्हणजे कुठे अडतंय ते सांगता येईल.